स्पिरिटने पुसलेलं बोट

काकूंच्या वहीत सकाळचे उपाशीपोटीचे आकडे ओळीने २४०, २५५, २३८. एचबीए१सी मात्र ६.८, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १५०. हिमोग्लोबिनही व्यवस्थित होतं, म्हणजे रक्त कमी असल्याने एचबीए१सी चुकलं असंही नव्हतं. तरीही वहीवर विश्वास ठेवून रात्रीचं इन्सुलिन एकदा वाढवलं गेलं होतं आणि आता पुन्हा वाढणार होतं. मी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे वही सगळे बघतात, पण साखर तपासता कशी, हे कुणी विचारत नाही.

मी म्हटलं, "काकू, घरी करता तस्संच माझ्यासमोर करून दाखवा."

"सकाळी नातवाच्या डब्यासाठी संत्रं सोलते, मग तपासते. पण सिस्टर, स्पिरिटने बोट पुसल्याशिवाय मी टोचत नाही हं."

माझ्या डब्यात संत्रं होतं. ते त्यांनी सोललं, बोट स्पिरिटने पुसलं, सुकू दिलं, टोचलं. २४८. मग साबणाने हात धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या बोटावर तपासलं. १३१.

त्यांच्या यंत्राला अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं. साखर १३१ असेल तर एवढ्या थेंबात ग्लुकोज एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं. तेवढंच बोटावरून मिसळलं की आकडा दुप्पट. स्पिरिटने जंतू मरतात, पण साखर त्यात नीट विरघळत नाही, नुसती पसरते. ती पाण्यानेच जाते. पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून दुसरा घ्यावा. तोही बोट पिळून काढू नये, कारण पिळल्यावर रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो. हात खाली सोडून तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळलं की थेंब येतो.

मग काकू सहज म्हणाल्या, "रात्री घाम फुटून जाग येते. तेव्हा तपासलं तर ६२ दाखवतं. रात्री यंत्र बिघडतं बहुतेक." हे आकडे त्यांनी वहीत लिहिलेच नव्हते. खरे आकडे तेच होते, कारण रात्री बोटाला काही लागलेलं नव्हतं. १०० च्या वर चांगल्या यंत्रातही १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. १३१ चे २४८ त्यात बसत नाहीत.

डॉक्टरांनी त्याच दिवशी डोस खाली आणला. मला अजून अस्वस्थ करतं ते हे, की आणखी चार युनिट वाढवायचं जवळजवळ ठरलं होतं.

आता मी प्रत्येकाला सांगते, अनपेक्षित जास्त आकडा आला तर इन्सुलिन घेण्याआधी हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासा. आकडा ७० च्या खाली असेल आणि घाम, थरथर होत असेल, तर मात्र यंत्रावर शंका घेत बसू नका. आधी साखर खा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.