आराखडा ते स्लाइड: तीन विभाग, अकरा मुद्दे आणि हरवलेल्या स्लाइड

बॅकअपवरच्या एका प्रशिक्षणासाठी मी आधी मार्कडाउनमध्ये आराखडा लिहून घेतला. `#` चे तीन विभाग, त्यांच्याखाली `##` चे एकूण अकरा मुद्दे आणि फाइलच्या माथ्यावर शीर्षक. मार्कडाउन दुसऱ्या रूपांत बदलणाऱ्या पॅनडॉक या साधनाने याच्या पंधरा स्लाइड केल्या: एक शीर्षकाची, तीन विभागांच्या, अकरा मुद्द्यांच्या. इथपर्यंतचा रस्ता सरळ होता.

आदल्या रात्री मी पहिल्या विभागाखाली एकच वाक्य घातलं:

```markdown
# बॅकअप का घ्यायचा

डेटा कसा जातो, ते आधी पाहू.

## चुकून पुसलेली फाइल
- कधी लक्षात येतं
- किती मागे जाता येतं
```

परत चालवलं तर पंधराच्या चारच स्लाइड उरल्या होत्या. अकरा मुद्दे तीन स्लाइडमध्ये कोंबलेले आणि मजकूर पडद्याच्या खाली गेलेला. एरर नाही, इशारासुद्धा नाही. अर्धा तास मी जागा आणि टॅब तपासत बसलो.

कारण पॅनडॉकच्या नियमात होतं. स्लाइड कोणत्या पातळीच्या मथळ्यावर तोडायची हे सांगितलं नसेल, तर तो स्वतः ठरवतो: ज्या मथळ्याच्या लगेच खाली दुसरा मथळा नसून मजकूर आहे, अशांतली सर्वांत वरची पातळी. आधी प्रत्येक `#` खाली लगेच `##` होता, म्हणून पातळी दोन ठरली. माझ्या एका वाक्याने ती एकवर आली आणि सगळे `##` स्लाइडच्या आतले उपमथळे झाले. म्हणून पातळी आपणच सांगायची, पहिल्या दिवसापासून:

```sh
pandoc -s -t revealjs --slide-level=2 backup.md -o backup.html
```

आता ते वाक्य विभागाच्या स्लाइडवरच बसतं आणि पंधराच्या पंधरा स्लाइड परत येतात. तयार झालेल्या स्लाइड मोजून आराखड्याशी ताळा घ्यायची सवय मला इथेच लागली. आकडा जुळला नाही, तर डिझाइनकडे बघायचंच नाही, आधी मथळे बघायचे.

वरच्या कमांडने स्लाइड ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या रिव्हीलजेएससाठी बनतात, आणि त्यात अजून एक वळण आहे. विभाग आडवे मांडले जातात आणि त्यांचे मुद्दे त्यांच्याखाली उभे. उजवा बाण दाबला की विभागातले मुद्दे ओलांडून थेट पुढचा विभाग येतो. स्पेस दाबली तर सगळ्या स्लाइड क्रमाने येतात. दुसऱ्या कुणाच्या हातात रिमोट असणार असेल, तर कमांडमध्ये `-V navigationMode=linear` घालून द्या, म्हणजे बाणही क्रमाने चालतो. सादरीकरणाच्या खोलीत नेट नसेल, तर `--embed-resources` हवंच, एरवी पान रिव्हीलजेएस नेटवरून ओढतं.

तोच आराखडा मी मार्कडाउनच्या स्लाइड करणाऱ्या मार्प या दुसऱ्या साधनातूनही नेला. मार्प अंदाज बांधत नाही. काहीच सांगितलं नाही, तर फक्त आडव्या रेघेवर तोडतो, त्यामुळे माझा सगळा आराखडा एकाच स्लाइडवर आला. फाइलच्या माथ्यावर एवढं लिहिलं की पुरतं:

```yaml
---
marp: true
headingDivider: 2
---
```

आता `#` आणि `##` दोन्हींवर नवी स्लाइड सुरू होते. मार्पमध्ये जपायचं ते उंचीला. मजकूर जास्त झाला तर तो पुढच्या स्लाइडवर जात नाही, खालून कापला जातो. पीडीएफमध्ये शेवटचा मुद्दा दिसत नसेल, तर तो स्लाइडबाहेर गेलाय असं समजा. पॅनडॉकही भरलेली स्लाइड आपणहून दोन करत नाही.

माझी ‘बॅकअप परत आणण्याच्या पायऱ्या’ ही नऊ मुद्द्यांची स्लाइड अशीच कापली गेली. मी ती उंची बघून तोडली नाही. पहिल्या चार पायऱ्या तपासणीच्या होत्या, उरलेल्या पाच प्रत्यक्ष परत आणण्याच्या. दोन्हींना स्वतंत्र `##` दिलं. नुसती रेघ मारली असती, तर दुसऱ्या स्लाइडला मथळाच राहिला नसता आणि उशिरा आलेल्याला काय चाललंय ते कळलं नसतं. रेघ मी फक्त पूर्ण पडद्याच्या चित्रासाठी ठेवतो.

ती रेघही जपून मारा. मजकुराच्या ओळीला चिकटून `---` लिहिलं, तर मार्कडाउन त्याला रेघ मानत नाही, वरच्या ओळीला दुसऱ्या पातळीचा मथळा करतो. माझं एक साधं वाक्य असंच मोठ्या अक्षरात नव्या स्लाइडच्या माथ्यावर जाऊन बसलं होतं. वर आणि खाली रिकामी ओळ सोडा, आणि मी करतो तसं `***` वापरा. ते मजकुराला मथळा बनवत नाही आणि रिकाम्या ओळी सोडल्या की दोन्ही साधनांत रेघच ठरतं.

पुढच्याला स्लाइड पॉवरपॉइंटमध्ये बदलायच्या असतील, तर पॅनडॉकने `.pptx` काढा. मार्पच्या नेहमीच्या `.pptx` मध्ये प्रत्येक स्लाइड म्हणजे एक चित्र असतं, त्यातला शब्द बदलता येत नाही.