आमची वाटचाल: बत्तीस झाकणं आणि पाच हजारांचा लॉट

आम्ही हाताने दाबायचे फवारणी पंप जोडतो. बाटली एकाकडून येते, स्प्रिंग दुसऱ्याकडून, आटे असलेलं प्लास्टिकचं झाकण तिसऱ्याकडून. जोडणी आणि गळती तपासणी आमची. या कामाला १२ वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं पुरवठादाराच्या तपासणी अहवालावर ‘पास’ दिसलं की मी सही करून माल आत घ्यायचो. ती सवय झाकणांच्या एका लॉटने मोडली.

लॉट ५,००० झाकणांचा होता, ५०० च्या दहा खोक्यांत. पहिले काही दिवस जोडणी सुरळीत चालली. मग एका दुपारी गळती तपासणीच्या टेबलावरचा लाल ट्रे भरायला लागला. पाणी आट्यांतून झिरपत होतं. आमच्या जोडणी विभागातल्या ताईंनी ट्रेमधली अकरा झाकणं उलटी करून ओळीत मांडली आणि मला हाक मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला साच्यातल्या खणाचा, म्हणजे कॅव्हिटीचा, बारीक आकडा उठलेला असतो. साचा आठ कॅव्हिटींचा. अकराच्या अकरा झाकणांवर ६ होता, आणि प्रत्येकाचा शेवटचा आटा अर्धवट भरलेला होता. नखाने चाचपलं तरी कळत होतं.

पुरवठादाराला फोन केला. ते म्हणाले, “साहेब, दोन-चार टक्के इकडेतिकडे होणारच. आमचा लॉट एक्यूएल २.५ च्या मर्यादेत पास आहे, अहवाल पाठवलाय तुम्हाला.” अहवाल होता खरा, पण त्यात एवढंच लिहिलं होतं: एक्यूएल २.५, निकाल पास. किती नग तपासले, कुठल्या खोक्यांतून घेतले, किती सदोष निघाले, यातलं काहीच नव्हतं.

इथे एक गोष्ट मला नीट समजून घ्यावी लागली. मी इतके दिवस एक्यूएल २.५ म्हणजे ‘लॉटमध्ये अडीच टक्क्यांपेक्षा जास्त खराब माल नाही’ असं धरून चाललो होतो. तसं नाही. आयएसओ २८५९-१ या मानकात एक्यूएल म्हणजे एकामागून एक लॉट येत असताना सरासरी दोषांची चालवून घेण्याजोगी सर्वांत वाईट पातळी. समोरच्या एका लॉटबद्दल तो आकडा कसलीही हमी देत नाही. हमीच्या जवळ जायचं तर नमुना किती नगांचा होता आणि किती दोषांपर्यंत लॉट स्वीकारायचा ठरलं होतं, हे दोन आकडे लागतात. ते नसतील तर ‘मर्यादेत आहे’ या वाक्याला अर्थच उरत नाही.

मी त्यांना लेखी विचारलं. लॉट कशाला धरला, एका दिवसाच्या उत्पादनाला की पाठवलेल्या सगळ्या मालाला? तपासणीची पातळी कोणती? नमुना किती, तो कुठल्या खोक्यांतून काढला? स्वीकारायची आणि नाकारायची संख्या काय होती, प्रत्यक्षात किती सदोष सापडले? गळतीचा दोष आणि कडेला राहिलेला पापुद्रा एकाच हिशेबात मोजले का? आणि नमुना काढण्याआधी वरवर खराब दिसणारे नग बाजूला केले होते का?

लगेच फोन आला. “इतक्या वर्षांचे संबंध, आता आमच्यावर विश्वास नाही का?” मी म्हटलं, “विश्वास आहे म्हणूनच तुम्हाला विचारतोय, माल परत पाठवला नाही. पण पंप माझ्या नावाने गळतात.” हे बोलताना मलाही अवघडलं होतं, कारण माणूस सचोटीचा होता आणि अडचणीत त्यांनी आम्हाला सांभाळूनही घेतलं होतं. तरीही प्रश्न मागे घेतले नाहीत. दोन दिवसांनी उत्तर आलं.

नमुना ३२ झाकणांचा. पातळी एस-४, म्हणजे विशेष पातळ्यांपैकी एक. तपासणीत नग मोडावा लागतो किंवा चाचणी फार महाग असते, अशा वेळी छोटा नमुना चालावा म्हणून या पातळ्या आहेत. इथे तसं कारण नव्हतं. झाकण बाटलीवर फिरवून पाहायला काही सेकंद लागतात. ३२ च्या नमुन्याला एक्यूएल २.५ वर दोन सदोषांपर्यंत लॉट पास होतो. त्यांना दोन सापडले होते, दोन्ही पापुद्र्याचे. ३२ पैकी दोन म्हणजे सव्वासहा टक्के, तरीही नियमाने पास. त्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. आणि सगळी ३२ झाकणं पहिल्या दोन खोक्यांतून घेतली होती.

तिथेच गाठ सुटली. खोकी उत्पादनाच्या क्रमाने भरली जातात. मग आम्ही स्वतः नमुना काढला. ५,००० च्या लॉटला सर्वसाधारण पातळी दोन धरली तर २०० नग लागतात आणि एक्यूएल २.५ वर दहापर्यंत स्वीकार, अकराला नकार. आम्ही प्रत्येक खोक्यातून २० झाकणं घेतली, तीही वरच्या थरातून नाही, खोक्याच्या तळापर्यंत हात घालून. वापरलेल्या खोक्यांतली झाकणं आधीच जोडली गेली होती, म्हणून त्या पंपांचीच उघडून पाहिली. पहिल्या सहा खोक्यांच्या १२० मध्ये एक सदोष. शेवटच्या चार खोक्यांच्या ८० मध्ये दहा, सगळे सहा नंबरच्या कॅव्हिटीचे.

एकूण अकरा. लॉट नाकारला गेला, पण अगदी एका नगाने. म्हणून त्या अकरावर मी फार भर दिला नाही. खरोखर पाच टक्के सदोष असलेला लॉटसुद्धा २०० च्या या योजनेतून निम्म्याहून अधिक वेळा पास होतो, आणि ३२ च्या योजनेतून जवळजवळ पाचपैकी चार वेळा. मी त्यांना खोकीवार तक्ता पाठवला. आठपैकी एक कॅव्हिटी बिघडली तर त्या वेळेच्या मालात साडेबारा टक्के सदोष येणार, आणि ८० मध्ये दहा म्हणजे नेमके तेवढेच.

त्यांनी साचा उघडला. सहा नंबरच्या कॅव्हिटीची हवा बाहेर जायची बारीक खाच प्लास्टिकच्या साठ्याने बुजली होती. हवा आत अडकली की वितळलेलं प्लास्टिक शेवटच्या आट्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच सुरुवातीचा माल ठीक होता आणि पुढचा बिघडला. शेवटच्या चार खोक्यांतली सहा नंबरची झाकणं त्यांनी वेचून बदलून दिली.

त्यानंतर खरेदी आदेशातली ओळ बदलली. आता लिहितो: तपासणी पातळी दोन, गळती करणाऱ्या दोषांना एक्यूएल १.०, म्हणजे २०० मध्ये पाचपर्यंत स्वीकार; दिसण्याच्या दोषांना वेगळा हिशेब, एक्यूएल ४.०, नमुना प्रत्येक खोक्यातून, सदोष नगाचा कॅव्हिटी नंबर अहवालात. सलग पाच लॉटमध्ये दोन नाकारले गेले तर मानकाप्रमाणे कडक तपासणी, जिथे पाचच्या जागी तीनच चालतात.

अहवाल आता दोन पानी येतो. मागच्या खेपेला त्यात त्यांच्याच हस्ताक्षरात एक ओळ होती: खोका ७, कॅव्हिटी ३, दोन नग, साचा साफ करून पुढचा माल घेतला, खोका ७ पाठवलेला नाही.