तीन महिन्यांचं ओरिएंटेशन कुठून सुरू करायचं?

"मॅडम, आमच्याकडे दर ऑगस्टला कॉलेजातून नुकत्याच पास झालेल्या दहा-बारा मुली जॉइन होतात. वॉर्ड चारच. त्यांच्यासाठी प्रिसेप्टर नेमून तीन महिन्यांचं ओरिएंटेशन बसवायचंय. सुरुवात कशापासून करू?"

ड्यूटी रोस्टरपासून. अभ्यासक्रम, चेकलिस्ट, पहिल्या दिवसाचं स्वागत हे सगळं नंतर. मी हे इतक्या ठामपणे का सांगते, ते कळायला आधी एक घटना सांगते.

मी पूर्वी जिथे काम करायचे, तिथे कागदावर उत्तम कार्यक्रम होता. प्रत्येक नवीन मुलीला पुस्तिका, पुस्तिकेत कौशल्यांची यादी, प्रत्येकीला नेमलेली प्रिसेप्टर. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने दुपारच्या जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं. ऑर्डर १६ युनिटची होती. वॉर्डात ४० युनिट प्रति मिलीच्याही व्हायल होत्या आणि १०० च्याही. तिने १०० ची व्हायल घेतली आणि लाल टोपीची सिरिंज घेतली. लाल टोपीची सिरिंज ४० च्या इन्सुलिनसाठी असते, १०० साठी नारिंगी टोपीची. तिने सिरिंज बरोबर १६ च्या रेघेपर्यंत भरली. पण त्या सिरिंजवरची १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिली, आणि १०० च्या व्हायलमधलं ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. दुपारी पेशंटला दरदरून घाम सुटला, साखर ४६ निघाली. लगेच डेक्स्ट्रोज दिलं, पेशंट सावरला.

मी तिची पुस्तिका मागवली. 'इन्सुलिन देणे' यासमोर सही होती. त्याच पानावर आणखी बावीस सह्या होत्या, एकाच तारखेच्या, एकाच पेनाच्या. लेखी परीक्षेत तिला पैकीच्या पैकी होते. मग मी मागचं रोस्टर काढून बसले. अकरा ड्यूट्यांमध्ये ती सहा वेगवेगळ्या सिस्टरांबरोबर होती. तिच्या प्रिसेप्टरला त्या दिवशी सकाळीच आयसीयूत पाठवलं होतं, कारण तिथे माणूस कमी होतं. सही करणाऱ्या सिस्टरने तिला इन्सुलिन भरताना एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायला ती तिच्या शिफ्टलाच नव्हती.

तेव्हापासून मी आधी रोस्टरचं गणित मांडते. समजा २८ बेडचा मेडिसिनचा वॉर्ड आहे, सकाळी चार सिस्टर, म्हणजे प्रत्येकी सात पेशंट. नवीन मुलगी आणि तिची प्रिसेप्टर मिळून एक जोडी धरायची आणि पहिले चार आठवडे त्या जोडीला पाचच पेशंट द्यायचे. मग उरलेल्या तिघींकडे २३ पेशंट येतात, म्हणजे आठ, आठ आणि सात. हे जमतं. पण त्याच शिफ्टला दोन जोड्या टाकल्या, तर उरलेल्या दोघींवर १८ पेशंट येतात, प्रत्येकी नऊ. तिसऱ्या दिवशी इनचार्ज सिस्टर नवीन मुलीला सुटे पेशंट देऊन मोकळ्या होतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. म्हणून एका वॉर्डात एका शिफ्टला एकच नवीन मुलगी. वॉर्डात दोघी हव्या असतील, तर एकीची प्रिसेप्टर सकाळला आणि दुसरीची दुपारला, आणि शिफ्ट बदलली की मुलगीही प्रिसेप्टरबरोबर बदलायची. प्रिसेप्टर सुट्टीवर गेली तर कोण, ते नावही आधीच रोस्टरवर लिहायचं.

याची किंमत बाकीच्या सिस्टर मोजतात. पहिले आठ आठवडे प्रिसेप्टर नाइटला जात नाहीत, त्यांच्या वाटच्या नाइट इतरांकडे जातात. हे त्यांना आधी बसवून, गणित दाखवून सांगितलं तर त्या समजून घेतात. रोस्टर लागल्यावर बोर्डावर वाचून कळलं तर नवीन मुलीला त्याचे टोमणे ऐकावे लागतात.

प्रिसेप्टर कोण, यावर माझं मत बऱ्याच जणींना पटत नाही. सगळ्यात सिनियर सिस्टर नको. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली एक गोष्ट मी रोज वॉर्डात पाहते. पंधरा वर्षांची सिस्टर दारातूनच पेशंटकडे बघते आणि म्हणते, याचं काहीतरी बिघडतंय. ती बरोबर असते. पण तिला ते कशावरून कळलं, हे विचारलं तर सांगता येत नाही, कारण ती आता टप्प्याटप्प्याने विचारच करत नाही. तीन ते पाच वर्षांची सिस्टर सांगू शकते: श्वास मोजला, मानेचे स्नायू ओढले जात होते, बोलताना वाक्य तोडत होते. तिला स्वतःचं नवखेपण अजून आठवतं. प्रिसेप्टर अशा सिस्टरांमधून निवडा, आणि निवडताना आधी तिला विचारा. लादलेली प्रिसेप्टर दुसऱ्या आठवड्यात मुलीला ट्रॉली आवरायला लावते.

प्रिसेप्टरांसाठी मी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवते आणि त्यातला बराचसा वेळ एकाच गोष्टीवर घालवते: हात मागे बांधून उभं राहणं. चांगल्या सिस्टरला हे फार जड जातं. मुलगी चाचपडताना दिसली की हात आपोआप पुढे जातो. पेशंटला धोका होत असेल तरच हात घालायचा, नाहीतर नंतर स्टेशनवर विचारायचं, "तू आत गेल्यावर आधी काय बघितलंस?" आणि पेशंटसमोर चूक काढायची नाही. त्यानंतर तो पेशंट तिच्या हातून औषध घ्यायला कचरतो.

आता आठवड्यांचं. पहिले चार दिवस वर्ग: कॉम्प्युटरवरच्या नोंदी, क्रॅश कार्टमधला प्रत्येक कप्पा, सुई टोचली तर काय करायचं, जास्त जोखमीची औषधं. चारच्या वर नको, कारण वॉर्ड न पाहता ऐकलेलं टिकत नाही. मग आठवडा संपेपर्यंत वॉर्डात प्रिसेप्टरमागे फिरणं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जोडीच्या पाच पेशंटपैकी आधी एक, मग दोन मुलीचे. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तीन, मग चार. नवव्यापासून तिची पूर्ण संख्या, आणि याच काळात पहिल्या चार नाइट प्रिसेप्टरबरोबर. पहिली नाइट एकटीने करायला लावणं मला क्रूर वाटतं.

पुस्तिका राहू द्या, पण सह्यांचा नियम बदला. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम आणि रक्त चढवणं या चार गोष्टींना वेगवेगळ्या दिवशी, खऱ्या पेशंटवर, प्रत्यक्ष पाहून तीन-तीन सह्या. बाकी कौशल्यांना एक पुरे. महिन्याअखेरीस पुस्तिका हातात घ्या आणि तारखा बघा. एका तारखेला पाचाहून जास्त सह्या दिसल्या, तर त्या कुणी पाहून केलेल्या नाहीत, असंच धरा.

सगळ्यात जास्त सराव मी फोनचा करून घेते. कॅथेटर घालायला मुली लवकर शिकतात, पण रात्री तीनला रेसिडेंट डॉक्टरांना उठवायचं धाडस होत नाही. आणि केलाच फोन, तर म्हणतात, "सर, चौदा नंबरच्या पेशंटला बरं वाटत नाहीये." डॉक्टर म्हणतात, बघतो, आणि झोपतात. मी त्यांच्याकडून असं म्हणून घेते: "सर, मेल मेडिसिनमधून सिस्टर बोलतेय. बेड १४, ६२ वर्षांचे, न्यूमोनिया, ॲडमिशनचा दुसरा दिवस. सॅच्युरेशन तासाभरापूर्वी ९४ होतं, आता चार लिटर ऑक्सिजनवर ८९ आहे. श्वास २८. मला वाटतं ते थकत चाललेत. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?" शेवटची दोन वाक्यं तोंडातून यायला कित्येक जणींना पाच-सहा वेळा म्हणावं लागतं. स्वतःचं मत सांगायचं आणि मागणी करायची, हे त्यांना आजवर कुणी शिकवलेलंच नसतं. सरावात प्रिसेप्टर डॉक्टर बनते, मुलगी फोन करते, आणि प्रिसेप्टरने मुद्दाम चिडून बोलायचं.

सहावा ते आठवा आठवडा मनात धरून ठेवा. पेशंट वाढतात, नवेपणाचं कौतुक संपतं, आणि कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात होतं ते यातलं अंतर तिला पहिल्यांदा नीट दिसतं. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये याला रिॲलिटी शॉक म्हटलं. अमेरिकेतल्या परिचारिकांबद्दल त्या लिहीत होत्या, पण लिननच्या खोलीत रडणारी मुलगी मी इथेही पाहिली आहे. रडणारीपेक्षा मला गप्प झालेलीची काळजी जास्त वाटते. आधी दिवसाला दहा प्रश्न विचारणारी मुलगी प्रश्न विचारायची थांबली, ड्यूटी संपूनही तासभर नोंदी लिहीत बसू लागली, डबा न उघडता परत नेऊ लागली, की समजायचं. यासाठी दर शनिवारी अर्धा तास तिच्याशी बोलणारं कुणीतरी हवं, आणि ती व्यक्ती प्रिसेप्टर नको, इनचार्जही नको. त्या बोलण्यातलं काहीही मूल्यमापनात जाणार नाही, हे पहिल्याच शनिवारी स्पष्ट सांगा आणि पाळा. जोडी जमत नसेल तर पहिल्या दोन आठवड्यांत कारण न विचारता बदलून द्या.

बारा आठवड्यांनी सगळ्या तयार होतात असं नाही. एका ब्रदरला मी चार आठवडे वाढवून दिले होते. हात चांगला होता, पण चार पेशंटच्या पुढे गेला की आधी कुणाकडे जायचं हे त्याला ठरवता यायचं नाही. त्या चार आठवड्यांत आम्ही बाकी काही शिकवलं नाही. ड्यूटीच्या सुरुवातीला हँडओव्हर झाला की त्याने प्रिसेप्टरला सांगायचं, मी आधी कुणाकडे जातोय आणि का. तिने फक्त ऐकायचं आणि बारा वाजता पुन्हा विचारायचं, क्रम बदलला का, कशामुळे बदलला. मुदतवाढ म्हणजे शिक्षा, असं मुलांना वाटतं. म्हणून ती कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहून द्या.

आता तुमचे चार वॉर्ड. एका वॉर्डात दोघी, म्हणजे आठ. ऑगस्टमध्ये आठच घ्या. उरलेल्यांना नोव्हेंबरची तारीख द्या, आणि मेट्रन मॅडमनी विचारलं तर त्यांच्यासमोर आठ, आठ, सात आणि नऊ, नऊचं गणित मांडा.