किटली खरी, फोटो खोटा

ऑनलाइन दुकानात माल चढण्याआधी त्याचे फोटो तपासणं हे माझं काम. बहुतेक फोटो काही सेकंदांत पुढे जातात. स्टीलच्या एका इलेक्ट्रिक किटलीचा फोटो मात्र अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या सॉफ्टवेअरने तो पास केला होता. सहकाऱ्याचं म्हणणं उलट : फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याची माहितीच नाही, म्हणजे तो एआयने बनवलेला. हा युक्तिवाद मला कधीच पटत नाही. अपलोड होताना ती माहिती बऱ्याचदा आपोआप गळते, प्रामाणिक विक्रेत्याच्या फोटोतूनही. पुरावा चित्रातच शोधावा लागतो.

आधी चकाकी बघितली. किटलीचं गोल पोट म्हणजे बहिर्वक्र आरसा, समोरची अख्खी खोली त्यात आकसून दिसते. या पोटात डावीकडे खिडकी चमकत होती, म्हणजे उजेड डावीकडचा. सावलीही डावीकडेच पडलेली! आणि शेजारच्या काळ्या मुठीचं पोटात नावनिशाण नाही.

खालच्या लाकडी पृष्ठभागावरची एक गाठ, कडेच्या बारीक चिरेसकट, थोडी मागे पुन्हा उमटली होती. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण छापील लॅमिनेटवर नक्षी पुन्हा येतेच. पण मागची नक्षी लांब असल्यामुळे लहान दिसायला हवी. इथे दोन्ही गाठी मापाने तंतोतंत सारख्या होत्या.

मग पाण्याच्या पातळीची पट्टी मोठी करून पाहिली. आकार कमी करायला फाइल जास्त दाबली की अक्षरं धुरकटतात, कडेला चौकोनी ठिपके येतात, पण अंकाची घडण शाबूत राहते. इथे अंक स्वच्छ, ठसठशीत होते आणि तरी चुकीचे : १.० च्या वर १.५, त्याच्या वर पुन्हा १.०, आणि सगळ्यात वर कुठल्याच लिपीत नसलेली एक आकृती.

विक्रेत्याकडे तारखेची हाताने लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून काढलेला साधा फोटो मागितला. तो लगेच आला. किटली खरी होती. त्यांनी जुना धूसर फोटो एआयवर ‘सुधारून’ घेतला होता, आणि यंत्राने पार्श्वभूमीबरोबर किटलीही नव्याने रंगवली होती. खऱ्या पट्टीवर शेवटची खूण १.२ लिटरची, चोचीत जाळी नाही. सुधारलेल्या फोटोत जाळी स्पष्ट दिसत होती.

मी फोटो नाकारला. साधा फोटो लावून तीच किटली पुढे मंजूर झाली. विक्रेत्याचा प्रश्न होता, “साहेब, माल तर खरा आहे ना?” त्यांना फसवायचं नव्हतं, यावर माझा विश्वास आहे. पण आमच्या यादीत कारणं दोनच : ‘बनावट माल’ आणि ‘निकृष्ट फोटो’. मला पहिलं लावायचं नव्हतं आणि दुसरं खोटं होतं, फोटो तर देखणा होता. शेवटी दुसरं लावलं. ‘चित्र मालाशी जुळत नाही’ असं तिसरं कारण यादीत घाला म्हणून वरिष्ठांना लिहिलंय. अजून उत्तर नाही.