जुलाब म्हणून आलेली बद्धकोष्ठता

"डॉक्टर, जुलाब काही थांबत नाहीत," काका खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. वय 63, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त, मधुमेह 18 वर्षांचा. सोबत काकू, आणि काकूंच्या हातात वही. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात फाइल न आणणारे बरेच येतात, पण रोजच्या जेवणाची वही घेऊन येणाऱ्या काकूच.

वहीत खोट काढायला जागा नव्हती. ज्वारीची भाकरी, दोन्ही वेळा पालेभाजी, सकाळी पपई, मोड आलेले मूग, रात्री इसबगोल. इसबगोल एक चमच्यावरून तीन चमच्यांवर गेलं होतं. मध्ये त्रिफळाही होऊन गेला. हे सगळं कशासाठी, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, आधी यांना खडा व्हायचा ना! चार-चार दिवस पोट साफ नाही. म्हणून तर सगळं सुरू केलं. आता आठवडाभर उलटंच झालंय." म्हणजे आधी घट्ट, मग एकदम पातळ. दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं पाण्यासारखं, कधी धोतराला लागेल इतकं नकळत. केमिस्टकडून आणलेली लोपेरामाइडची गोळी तीन दिवस चालू होती.

हा क्रम ऐकला की मी आधी पोटाला हात लावते. मनात म्हटलं, हे जुलाब नसावेत.

पोट फुगलेलं होतं. डाव्या बाजूला खाली, बोटांना लागेल अशी गोळ्यांची रांग. त्यातल्या एकावर बोट दाबून धरलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. आतड्यातली गाठ अशी दबत नाही, साठलेला मळ दबतो. गुदमार्गाची तपासणी केली, तर बोटाच्या टोकाशी दगडासारखा गोळा. काकांना लाज वाटत होती. मी त्यांना सांगितलं, की हा गोळा वाट अडवून बसलाय, आणि वरचं पातळ त्याच्या कडेकडेनं झिरपतंय. तेच तुम्हाला जुलाब वाटतंय. जुलाब थांबवायची गोळी आतड्याची हालचाल आणखी मंदावते, म्हणून ती तिथल्या तिथे बंद केली.

पण एवढा चोथा खाऊनही गोळा बनला कसा? मग नसांची तपासणी करायला मी पायाकडे वळले. तळव्याला नायलॉनचा तो ठरावीक जाडीचा दोरा टेकवला, डोळे मिटलेल्या काकांना काही कळलं नाही. अंगठ्यावर धरलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथरही जाणवली नाही. नाडी बसल्या जागी 96. झोपवून रक्तदाब घेतला 148/86, आणि उभं करून तीन मिनिटांनी 116/70. वरचा आकडा 32 नं उतरला, पण नाडी जेमतेम 100 वर गेली. रक्तदाब असा कोसळला की नाडी धावायला हवी. ती धावत नाही, याचा अर्थ हृदयाला आपोआप सूचना देणाऱ्या नसा थकल्यात. आतड्याला सूचना देणाऱ्या नसाही त्याच जाळ्यातल्या. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारलं तेव्हा काकू पटकन म्हणाल्या, "येते की! आम्हाला वाटलं अशक्तपणा."

मग काकूंचा रास्त प्रश्न आला. "एवढा भाजीपाला खाऊन उपयोग का झाला नाही?"

चोथा पाणी धरून फुगतो, मळाचा आकार वाढतो, आतड्याची भिंत ताणली जाते. भिंतीतल्या नसांना तो ताण कळला की मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैल पडतो आणि मळ पुढे सरकतो. जेवणानंतर मोठ्या आतड्याला येणारी जोराची लाटही याच व्यवस्थेवर चालते. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की या नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. आतड्याची लय धरणाऱ्या खास पेशीही कमी होतात. मग ताण पडतो, पण ढकलायचा हुकूम निघत नाही. रिक्षाचं इंजिन बंद असताना मागे आणखी चार माणसं बसवावीत, तसं इसबगोल वाढवत गेल्यानं झालं. मळ जितका रेंगाळतो तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, आणि अडकलेला चोथा आंबून वायू होतो. काकांचं पोट फुगलं ते यामुळे.

पोटाचा एक्स-रे काढला. मोठं आतडं मळानं भरलेलं होतं, पण पूर्ण अडथळ्याची चिन्हं नव्हती. हे पाहिल्याशिवाय तोंडावाटे रेचक द्यायचं नसतं. जवळच्या नर्सिंग होममध्ये पाठवून आधी तेलाचा, मग सलाइनचा एनिमा दिला, आणि थोडा गोळा हातानं फोडून काढावा लागला. फॉस्फेटचा तयार एनिमा मुद्दाम टाळला. काकांचं क्रिएटिनिन 1.6 होतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं, आणि अशा मूत्रपिंडाला तो फॉस्फेटचा भार झेपत नाही. मॅग्नेशियमवाली पांढरी बाटलीही याच कारणानं नको म्हटलं.

मधुमेह आहे म्हणून सगळं त्याच्याच माथी मारायचं नसतं. थायरॉइड आणि कॅल्शियम तपासलं, ठीक होतं. साठीनंतर शौचाची सवय बदलली असेल तर कॉलोनोस्कोपी हवीच. ती पोट साफ झाल्यावर करून घेतली, गाठ नव्हती. औषधांच्या चिठ्ठ्यांत मात्र एक गोष्ट सापडली. तळपायांच्या आगीसाठी कुणीतरी रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली होती. ती आगीवर चांगली, पण आतडं आणखी मंदावते आणि उभं राहिल्यावर रक्तदाबही पाडते. ती हळूहळू कमी करत बंद केली.

पुढे मुंबईतल्या तज्ज्ञांनी कॅप्सूलची तपासणी केली. तिच्यात एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या 24 बारीक खुणा असतात. पाचव्या दिवशी एक्स-रे काढायचा, तोवर रेचक घ्यायचं नाही. पाचपेक्षा जास्त खुणा उरल्या तर आतडं मंद. काकांच्या 17 उरल्या होत्या, आणि त्या संपूर्ण आतड्यात विखुरलेल्या. त्या खालीच गोळा झाल्या असत्या, तर दोष गुदद्वाराच्या स्नायूंचा धरला असता आणि उपचारही वेगळे झाले असते.

आता पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर सुरू आहे, 17 ग्रॅम पेलाभर पाण्यात, रोज. ती पाणी मळातच धरून ठेवते आणि आतड्यात आंबत नाही. तीन दिवस काही झालं नाही, तर रात्री बिसाकोडिलची एक गोळी, ती आतड्याला थेट आवळायला लावते. एवढ्यानं भागलं नाही तर आतड्याची हालचाल वाढवणारं प्रुकॅलोप्राइड आहे, पण मूत्रपिंड पाहूनच त्याचा डोस ठरवावा लागेल. भाकरी-भाजी साधी ठेवली, इसबगोल थांबवलं. काकूंना हे अजून पटलेलं नाही. "एक चमचा तरी?" दर खेपेला विचारतात.

काकांनी परवा विचारलं, पावडर किती महिने? मी म्हणाले, बहुधा कायम. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी 9.2 वरून हळूहळू खाली आणतोय, त्यानं उरलेल्या नसांची झीज कमी होईल, पण गेलेल्या परत येतील असं मी म्हणणार नाही. काकांनी तोंड वाकडं केलं. मग मुलासोबत गुहागरला जायचंय, तिथे दोन दिवस पावडर नाही घेतली तर चालेल का, असं विचारलं. नाही चालणार, म्हटलं. चार पुड्या जास्तच बरोबर न्या, आणि गाडीतून उतरताना एकदम उठू नका.