पाच वर्षांनी गाडीचे किती येतील?

“नवी गाडी घेताना पाच वर्षांनी तिचे किती येतील, हे आत्ताच कसं ओळखायचं? आणि कुठल्या गाड्यांचा रिसेल टिकतो?”

लीजवर गाड्या देणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षं एकच आकडा काढत बसायचो. आज बाहेर पडलेली गाडी मुदत संपून परत आली की बाजारात कितीला जाईल, तो आकडा. तो चुकला की नुकसान कंपनीचं व्हायचं आणि फोन मला यायचा. त्यामुळे उत्तराला जरा लांबी येणार, एवढं सांभाळून घ्या.

‘पहिल्या वर्षी वीस टक्के, मग दर वर्षी पंधरा टक्के’ हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. नवी गाडी १०० धरली तर त्याने पाच वर्षांनी सुमारे ४२ उरतात. अडचण एवढीच की तो प्रत्येक गाडीला ४२च सांगतो, आणि बाजारात एकाच वयाची एक गाडी ३०ला पडून असते तर दुसरी ६०ला हातोहात जाते. तुम्हाला हवा आहे तो नेमका या दोघींमधला फरक.

तो काढायला भविष्यात डोकवावं लागत नाही. जे मॉडेल घ्यायचं आहे, त्याच्याच एक, तीन, पाच आणि सात वर्षं वापरलेल्या गाड्या आज विकायला असतातच. त्यांच्या जाहिराती बघायच्या. व्हेरिएंट, इंधन आणि गिअरबॉक्स तोच हवा, किलोमीटर वयाला साजेसे हवेत आणि गाडी पहिल्या मालकाची हवी. प्रत्येक वयाच्या निदान दहा जाहिराती काढा, किमती चढत्या क्रमाने लावा आणि मधली किंमत उचला. सरासरी काढू नका. एखादा हौशी मालक गाडीत ओतलेला सगळा पैसा मागत असतो, आणि त्याच्या एका आकड्याने सरासरी बिघडते.

आता एक उदाहरण घेऊ. नव्या गाडीची आजची किंमत १०० धरली. एक वर्षाची गाडी ८२ला दिसते, तीन वर्षांची ६४ला, पाच वर्षांची ५०ला आणि सात वर्षांची ३६ला. एक ते तीन या काळात दर वर्षी साधारण १२ टक्के गळतात. तीन ते पाचमध्येही १२च. पाच ते सातमध्ये मात्र १५. नुसतं वय वाढलं म्हणून वेग असा अचानक वाढत नाही, तिथे काहीतरी घडलेलं असतं. शोधलं तर कळतं की सहा वर्षांपूर्वी कंपनीने मॉडेलची पिढी बदलली होती. म्हणजे सात वर्षांची गाडी जुन्या आकाराची आहे आणि पाच वर्षांची आजच्या. १२ टक्क्यांचाच उतार चालू राहिला असता तर ती ३९च्या आसपास दिसली असती. दिसते ३६. हे गळालेले तीन म्हणजे ‘जुना शेप’ या दोन शब्दांची किंमत, साधारण सात-आठ टक्के.

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. ते पाच वर्षांच्या गाडीचे ५० बघतात आणि आपल्यालाही ५० मिळतील असं धरतात. पण ती गाडी अजून चालू पिढीतली आहे. एक पिढी बहुतेक सहा ते आठ वर्षं चालते, आणि इथे सहा तर झालीच. तुम्ही आज घेतलेली गाडी वर्ष-दोन वर्षांतच जुना शेप होणार. म्हणून ५०मधून ते सात टक्के आधीच काढा, ४६ उरतात. त्यात जाहिरातीतली किंमत आणि हातात पडणारी किंमत यांच्यात घासाघीस असते. तिचे पाच-सहा टक्के गेले की ४४ येतात. तुम्ही गाडीला मोजले मात्र १०० नसतात. कर आणि नोंदणी धरून समजा ११२ झाले असतील, तर ४४ भागिले ११२ म्हणजे जेमतेम ३९ टक्के. कागदावर ५० दिसलेली गाडी ती हीच.

मग शेजारी “पाच वर्षांत माझे जवळजवळ साठ टक्के परत आले” असं सांगतो, ते कसं? तोही खोटं बोलत नाही. त्याने घेतली तेव्हा तीच गाडी नवी ८५ला होती. ५०ला विकली, म्हणजे ५९ टक्के. मधल्या काळात नव्या गाडीची किंमत वाढली आणि तिने जुन्या गाडीलाही वर ओढलं. तुमच्या ४४चंही तसंच होऊ शकतं, पण तेव्हा पुढची गाडीही त्याच वाढीव भावाने घ्यावी लागेल. म्हणून मी हिशेब नेहमी आजच्या नव्या किमतीच्या मापात ठेवतो. शेजाऱ्याशी स्पर्धा नको.

आता दुसरा प्रश्न. रिसेल टिकवणारं मॉडेल ओळखायचं तर तुमच्याकडून ती गाडी घेणाऱ्याला कशाची भीती वाटेल ते बघा. त्याच्याकडे वॉरंटी नसेल, किंवा संपत आलेली असेल. बिघाड झाला तर खिसा त्याचाच. ती भीती तो तुमच्या किमतीतून वसूल करतो.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो, आणि तेही या धंद्यात असताना, म्हणजे लाजच. मी एका गाडीचं सर्वांत वरचं व्हेरिएंट घेतलं होतं. त्यात ड्राय ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. चालवायला झकास, पण तो प्रकार मोजक्याच मॉडेलमध्ये बसवलेला. विकायला काढली तेव्हा बघायला आलेल्या व्यापाऱ्याने सनरूफकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीत बसला, हलक्या चढावर नेली, ब्रेक सोडला आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता तिला मुंगीच्या चालीने वर चढू दिलं. मग रिव्हर्स, मग पुन्हा पुढे. तो त्या बारीक थरथरीची वाट बघत होता. या गिअरबॉक्सचा क्लच झिजला की ती आधी रांगत्या वेगात जाणवते. माझी गाडी थरथरली नाही. तरी तो म्हणाला, “साहेब, आज नाही थरथरली. पण माझ्याकडून घेणारा हेच विचारणार, आणि मी काय सांगू?” त्याने मला त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा भाव दिला. गिअरबॉक्ससाठी मोजलेले जास्तीचे पैसे शून्य झाले.

याच्या उलट टोकाला टोयोटाची लँड क्रूझर आहे. १९५४पासून हे नाव चालू आहे, पिढ्या सावकाश बदलतात, आणि आडबाजूच्या गावातल्या मेकॅनिकनेही तिचं इंजिन उघडलेलं असतं. दहा वर्षांची गाडी घेणाऱ्यालाही ती अजून बरीच चालेल अशी खात्री असते, म्हणून भाव मोडत नाही. पोर्शे ९११ आणि जीप रँग्लर यांचा भाव टिकण्यामागे दुसरं एक कारण आहे: त्यांचा चेहरा बदलतच नाही म्हटलं तरी चालेल. जुना शेप आणि नवा शेप यात शेजाऱ्याला फरक कळत नसेल, तर त्या फरकाचे पैसे कोण कापणार? महाग गाडी म्हणजे टिकाऊ भाव असं मात्र समजू नका. मोठ्या आलिशान सेडान सगळ्यांत जोरात घसरतात. गाडीची किंमत उतरते, तिच्या एअर सस्पेन्शनच्या सुट्या भागांची उतरत नाही, आणि दुसऱ्या मालकाला हे ठाऊक असतं.

व्हेरिएंटचं गणितही यातच आलं. नवीन असताना वरचं व्हेरिएंट मधल्यापेक्षा २० जास्त असेल, तर पाच वर्षांनी तो फरक पाच-सहावर आलेला मी वारंवार पाहिला आहे. पाच वर्षांपूर्वीचा टचस्क्रीन ही कौतुकाची वस्तू राहत नाही. सगळ्यांत खालचंही घेऊ नका, कारण त्याला गिऱ्हाईक कमी. मधलं बरं. रंग पांढरा, करडा किंवा काळा असावा, यापलीकडे रंगावर वेळ घालवू नका.

एक गोष्ट मॉडेलमध्ये दिसत नाही, शोरूममध्ये दिसते. नव्या गाडीवर भरघोस सूट चालू असेल तर समजा की तुमची जुनी गाडी आत्ताच स्वस्त होते आहे. जुनीचा भाव नवीच्या खऱ्या किमतीखाली राहतो, छापील किमतीखाली नव्हे. टेस्लाने जानेवारी २०२३मध्ये नव्या गाड्यांच्या किमती एकदम उतरवल्या, तेव्हा आधी घेतलेल्यांच्या गाड्या घरात उभ्या उभ्याच उतरल्या. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांनी एखादं मॉडेल घाऊक उचललं असेल तरी सावध राहा. दोन-तीन वर्षांनी ते सगळे एकदमच विकायला निघतात. हर्ट्झने जानेवारी २०२४मध्ये सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या होत्या. तुमची गाडी त्याच महिन्यात बाजारात आली, तर तिच्यात कितीही गुण असोत, रांग लांब असते.

इलेक्ट्रिक गाडीत गिअरबॉक्सची भीती बॅटरीत जाऊन बसते. निसानची लीफ २०१०च्या अखेरीस आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. उष्ण हवेत सुरुवातीच्या गाड्यांची क्षमता लवकर घटली, आणि तो डाग नंतर किमतीवर राहिला. अशी गाडी घेताना दोनच गोष्टी विचारा: बॅटरी थंड कशी ठेवली जाते, आणि तिची वॉरंटी कधी संपते. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. मी असतो तर सहाव्या वर्षाच्या आत विकली असती, म्हणजे घेणाऱ्याला दोन वर्षं तरी वॉरंटी उरते.

एवढं सगळं करून माझा आकडा ‘४४’ असा नसायचा, ‘४० ते ४८’ असा असायचा. आणि तरीही २०२१मध्ये तो साफ चुकला. चिप मिळेनात म्हणून नव्या गाड्या बनेनात, आणि जुन्यांचे भाव वर गेले. आमच्या करारात एक कलम होतं: मुदत संपली की गिऱ्हाइकाला हवी तर गाडी ठरलेल्या आकड्याला विकत घेता येईल. एरवी ते कोणी वाचायचंही नाही. त्या वर्षी एकेक जण यायचा, मी तीन वर्षांपूर्वी काढलेल्या आकड्याचा चेक ठेवायचा, गाडी नावावर करून घ्यायचा, आणि आठवड्याभरात तीच गाडी मला जाहिरातीत दिसायची.