नवीन सप्लायरचं खातं फोनवरून पडताळताना: माझा अनुभव

आमच्याकडे नव्या सप्लायरचं खातं मास्टरमध्ये चढतं ते पेमेंट ब्लॉक लावूनच. कॉल-बॅक झाल्याशिवाय ब्लॉक निघत नाही, आणि ज्याने खातं चढवलं त्याने तो फोन करायचा नाही. एन्ट्री सहकाऱ्याची असली की फोन माझ्याकडे येतो.

फोन करायला पाच मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो नंबर शोधण्यात. जुन्या सप्लायरचा नंबर आपल्याकडे आधीपासून असतो, नव्याचा नसतो. हाताशी असतो तो बँक तपशिलाच्या मेलखालचा, सोबतच्या लेटरहेडवरचा, नाहीतर पहिल्या बिलावरचा. तिन्ही नंबर जुळले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण ते एकाच वाटेने आलेले असतात. समोरच्याचा मेलबॉक्स कुणाच्या ताब्यात गेला असेल, तर लेटरहेडवरचा नंबरही त्यानेच बदललेला असणार आणि आपला फोन तोच उचलणार. म्हणून मी खरेदी विभागाकडून सह्या झालेला करार मागवते किंवा त्यांच्या प्रत्यक्ष भेटीत मिळालेलं कार्ड. त्यावरचा नंबर सप्लायरच्या वेबसाइटशी ताडून बघते. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा, मेलमधल्या लिंकवर जायचं नाही. बनावट पत्त्यात `m` च्या जागी `rn` असतं आणि घाईत ते डोळ्याला कळत नाही.

आता मागच्या एका फोनचं सांगते. करारावरच्या बोर्ड नंबरवर फोन लावला आणि ऑपरेटरला अकाउंट्सला जोडायला सांगितलं. थेट मोबाइलपेक्षा हे बरं, कारण ती व्यक्ती खरंच तिथे काम करते हे आपोआप कळतं. पलीकडच्या बाईंना मी म्हटलं, "मॅडम, तुमचा खाते क्रमांक तुमच्या रेकॉर्डमधून बघून मला वाचून दाखवा." त्या म्हणाल्या, "तुम्हीच वाचा ना, मी बरोबर की चूक ते सांगते." इथे नम्रपणे पण ठाम राहावं लागतं. आपण वाचलं की समोरचा अर्धं लक्ष देऊन "हो हो" म्हणतो आणि पडताळणी तिथेच संपते.

त्यांनी सोळा आकडे वाचले. शेवटचा आकडा 7, माझ्या स्क्रीनवर 0. मी फक्त म्हटलं, "परत एकदा सावकाश सांगाल का?" कुठला आकडा जुळत नाही हे सांगायचं नाही, नाहीतर समोरचा आपल्या आकड्याला होकार देऊन मोकळा होतो. पुन्हा 7 च आला. मूळ फॉर्म काढला तर तिथेही 7. घोटाळा आमच्याच घरात होता. एन्ट्रीच्या आधी तपशील एक्सेलमध्ये उतरवले होते, आणि एक्सेल संख्येचे पहिले पंधराच आकडे जपतं, सोळाव्याचं शून्य करतं. खात्याच्या सुरुवातीची शून्यंही तसंच गिळतं. तो रकाना आधी टेक्स्ट करून घेतला असता तर हे झालं नसतं. सहकाऱ्याने फॉर्मवरून एन्ट्री दुरुस्त केली आणि मी बाईंनी वाचलेल्या आकड्यांशी ती पुन्हा ताडली. 7 फॉर्मवर नसता, तर नवा सही केलेला फॉर्म आणि नवा फोन, दोन्ही लागले असते.

खात्यावरचं नावही त्यांनाच सांगायला लावते. बिलावर एक नाव आणि खातं मालकाच्या स्वतःच्या नावावर, असं छोट्या व्यवसायात सर्रास असतं. त्यात वावगं काही नाही, पण ते आधी लेखी हवं.

"एक छोटी रक्कम पाठवून बघू की," असं कुणीतरी म्हणतंच. रक्कम पोचली यावरून खातं चालू आहे एवढं कळतं, कुणाचं आहे ते नाही. रक्कम मिळाल्याचा मेल चोरही आनंदाने पाठवेल. रद्द केलेल्या चेकचा फोटोही असाच, तो बनवायला फार कष्ट लागत नाहीत.

फोन ठेवल्याबरोबर नोंद करते: तारीख, वेळ, लावलेला नंबर, तो कुठून घेतला, कोण बोललं आणि त्यांचं पद, काय वाचलं, माझी सही. "नंबर कुठून घेतला" हा रकाना रिकामा असेल तर आमचे साहेब ब्लॉक काढत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

या फोनची मर्यादाही आहे. सप्लायरच मुळात बनावट असेल, तर तो स्वतःचं खातं बिनचूक वाचून दाखवेल. ते तपासणं कॉल-बॅकच्या आधीचं, सप्लायर मंजूर करण्याच्या वेळचं काम.

सगळं झाल्यावर, पेमेंटच्या आदल्या दिवशी, "आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, कृपया सोबतच्या खात्यात पाठवा" असा मेल येऊ शकतो. तेव्हा ब्लॉक परत लावायचा, मेलला उत्तर द्यायचं नाही आणि त्याच बोर्ड नंबरवर फोन करायचा. तेवढ्यात त्यांचाच फोन आला, तरी "मी ऑफिसच्या नंबरवर करते" म्हणून ठेवून द्यायचा.